तिसऱ्या टाकीत टीसीएल किती टाकायची, आणि ताटं वाळवायची कशी

प्रश्न: ताई, यवतमाळ जिल्ह्यात आमची १२० मुलींच्या वसतिगृहाची मेस आहे. तपासणीनंतर तीन टाक्यांचं सिंक बसवलं, पहिलीत घासायचं, दुसरीत खंगाळायचं आणि तिसरीत निर्जंतुक करायचं. तिसऱ्या टाकीत मूठभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, पण कधी मावशींचे हात चुरचुरतात, तर कधी पाण्याला वाससुद्धा येत नाही. टीसीएल नेमकी किती टाकायची? पाणी कोणत्या टाकीत किती गरम लागतं? आणि पावसाळ्यात ताटं वाळतच नाहीत, म्हणून पुसून ठेवतो, ते चालतं का?

उत्तर:

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मुठीतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नव्या, चांगल्या टीसीएल पावडरमध्ये साधारण ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. जंतू मारणारा भाग तेवढाच, बाकीचा बहुतेक चुना. मोठ्या माणसाची मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा. त्यात १५ ग्रॅम क्लोरीन आला. टाकीत ४० लिटर पाणी असेल तर लिटरमागे ३७५ मिलिग्रॅम, म्हणजेच ३७५ पीपीएम. हात चुरचुरणारच. आता तीच मूठ जुन्या, तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली घ्या. तिच्यात क्लोरीन सात-आठ टक्केच उरला असेल तर तुम्हाला जेमतेम ९० पीपीएम मिळतात, आणि त्यात खरकटं उतरलं की पंधरा मिनिटांत तेही संपतात. मावशींचा हात बदलला की मूठ बदलते, पोतं बदललं की पावडर बदलते. म्हणून एक दिवस आग आणि एक दिवस नुसतं पाणी.

तुम्हाला गाठायचाय १०० पीपीएमचा आकडा. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये क्लोरीनचं कोष्टक दिलेलं आहे, आणि बरीच मोठी स्वयंपाकघरं त्याच आकड्यांवर चालतात. त्यात ५० पीपीएमसुद्धा चालतं, पण अटींवर. पाण्याचा पीएच ८ किंवा कमी असेल तर पाणी किमान २४ अंश हवं. पीएच ८ च्या वर, १० पर्यंत असेल तर ३८ अंश हवं. कारण क्षारयुक्त पाण्यात क्लोरीनचं जे रूप खरं काम करतं ते कमी उरतं. आपल्या बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं, त्यात टीसीएलचा चुना मिसळला की पीएच आणखी चढतो. डिसेंबरात सकाळी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला झोंबतं, ते २४ अंश कुठून असणार? १०० पीपीएम ठेवलं तर हेच कोष्टक १३ अंशांपर्यंतचं पाणी चालवून घेतं, पीएच १० असला तरी. म्हणून मी आमच्या मेसला उन्हाळा-हिवाळा एकच आकडा लावून दिला होता. वरची मर्यादा २०० पीपीएम. त्याच्या पुढे गेलात तर भांड्यावर क्लोरीन राहतो आणि पुन्हा विसळावं लागतं, म्हणजे केलेलं काम वाया.

आता हिशेब. आधी टाकी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्ही गुणा आणि १००० ने भागा, लिटर निघतात. समजा टाकी ६० बाय ४५ ची आहे आणि पाणी १५ सेंटिमीटर भरता. ४०५०० भागिले १०००, म्हणजे साडेचाळीस लिटर. चाळीस धरा. त्या उंचीला टाकीच्या आतून ऑइल पेंटने एक रेघ मारून घ्या, रोज पाणी तिथपर्यंतच. वर जागा सोडायचीच, भांडी आत गेली की पाणी चढतं. ४० लिटरला १०० पीपीएम म्हणजे ४ ग्रॅम क्लोरीन. ३० टक्क्यांची पावडर असेल तर १३ ग्रॅम लागते. चमच्याने मोजू नका, दाबून भरला की वेगळं वजन आणि सैल भरला की वेगळं. सोन्या-चांदीवाल्याकडे असतो तसा ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. पातळ हायपोक्लोराइट ४ टक्क्यांचं मिळालं तर हिशेब सोपा होतो, ४० लिटरला १०० मिलिलिटर. पण तेही उन्हात आणि उकाड्यात उतरतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन महिनाभरात किती उरेल ते सांगता येत नाही. अंधारी, थंड जागा बघा आणि लहान कॅनच आणा.

टीसीएल कधीही थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या मगमध्ये लिटरभर पाणी घ्या, त्यात तोललेली पावडर टाका आणि लाकडी काडीने ढवळा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, आणि दार-खिडकी उघडी ठेवायची. अर्धा तास तसंच ठेवलं की चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओता. गाळ तसाच टाकलात तर ताटांवर पांढरे पट्टे उठतात, आणि मुली म्हणतात ताटं धुतलीच नाहीत. आणखी एक गोष्ट ठाम सांगते. या पाण्याजवळ लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड येऊ देऊ नका. पितळेचे गंज, म्हणजे मोठी पातेली, चिंचेनं घासायची आपल्याकडे सवय आहे. घासायचे तर वेगळ्या जागी, आणि पूर्ण विसळल्याशिवाय ते या सिंकजवळ आणायचे नाहीत. आम्ल आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो.

यानंतर पट्टी बुडवायची, त्याशिवाय ताट आत जाऊ द्यायचं नाही. क्लोरीनच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, डबीवर १०, ५०, १००, २०० असे रंग छापलेले असतात. फिक्या जांभळ्यापासून गडद निळ्या-काळ्यापर्यंत रंग चढतो. हात कोरडा असला पाहिजे, नाहीतर डबीतल्या सगळ्या पट्ट्या खराब होतात. उजेडात उभं राहून, डबीवर लिहिलेल्या सेकंदांतच रंग जुळवायचा. पट्टी क्षणभर गडद होऊन पुन्हा पांढरी पडली तर समजा क्लोरीन इतका आहे की त्यानं रंगच खाऊन टाकला. अशा वेळी थोडं पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, नऊपट साधं पाणी घाला, पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीच्या पाण्याला ओटी टेस्ट करतात, तिच्यावर हे काम भागवू नका. ती टेस्ट ०.२ पीपीएमसारख्या बारीक आकड्यांसाठी आहे. १०० च्या पाण्यात तिचा रंग नारिंगी-तांबडा होऊन जातो, त्यावरून काहीच कळत नाही. वासावरही जाऊ नका. अन्नाच्या कणांशी आणि घामाशी जोडला गेलेला क्लोरीनच जास्त उग्र वास मारतो, आणि जंतू मारायला तोच कमी पडतो. वास आला म्हणजे जोर आहे, असं नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे पट्टीशिवाय का चालत नाही ते कळेल. आमच्या मेसमध्ये असंच ४० लिटरचं टाकं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी मी १३ ग्रॅम तोलून टाकले आणि पट्टी बुडवली, तर रंग १० आणि ५० च्या मधला, साधारण २५ म्हणता येईल असा. आधी वाटलं पट्टी ओली झाली असेल, म्हणून नवी डबी फोडली. रंग तोच. मग पोत्यात हात घातला तेव्हा कळलं. पावडर ढेकळं-ढेकळं झालेली, आणि नाकाला टोचणारा तो नेहमीचा वास नाही. मार्चपासून तोंड सुतळीनं सैल बांधून पोतं मोरीच्या कोपऱ्यात पडून होतं. ओल आणि गरमी दोन्ही लागलेल्या. हिशेब उलटा लावला. १३ ग्रॅममध्ये ३० टक्के असते तर १०० आले असते, आले २५. म्हणजे जोर चौथाई, साडेसात टक्के. ग्रामपंचायतीच्या पाण्यासाठीसुद्धा २० टक्क्यांच्या खालची टीसीएल चालत नाही, ही तर त्याच्याही निम्म्यापेक्षा कमी. तोपर्यंत किती दिवस आमची ताटं नुसत्या चुन्याच्या पाण्यातून निघत होती, ते मला सांगता येणार नाही, कारण त्याआधी पट्टी रोज बुडवत नव्हतो.

मावशी म्हणाल्या, "मंग चारपट टाकून देऊ ना ताई." गणितानं ते बरोबर होतं, पण मी नाही केलं. चारपट पावडर म्हणजे चारपट चुना, आणि अशी पावडर पोत्याच्या वरच्या थराला वेगळी, तळाला वेगळी निघते. आज जमलेलं उद्या जमत नाही. ते पोतं सांडपाण्याच्या नालीला वापरलं आणि स्वयंपाकघरासाठी एक-एक किलोच्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरण्या केल्या. बरणीवर उघडल्याची तारीख लिहिलेली. नव्या पावडरचे १३ ग्रॅम टाकले आणि पट्टी १०० च्या रंगाला जाऊन बसली.

आता पाण्याच्या गरमीचं. पहिल्या टाकीतलं घासायचं पाणी किमान ४३ अंश हवं आणि घासून होईपर्यंत तसंच राहिलं पाहिजे. त्याच्या खाली वनस्पती तूप आणि भाजीवरची तर्री ताटाला चिकटून राहते, साबण तिला सोडवू शकत नाही. तेलाच्या त्या पापुद्र्याखाली जंतू बसले असतील तर तिसऱ्या टाकीतला क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. गिझर नसला तरी अडत नाही. टाकीत आधी साधं पाणी घ्या, मग उकळतं ओता, उलटं केलं तर अंगावर उडतं. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल तर पाच भाग साधं आणि दोन भाग उकळतं मिळून ४५ अंशांच्या जवळ येतं. ४० लिटरला साडेअकरा लिटर उकळतं पुरे. थंडीत नळाचं पाणी १८ वर आलं की २६ लिटर साधं आणि १४ लिटर उकळतं. स्टीलची टाकी थोडी उष्णता खाते, म्हणून शेवटी थर्मामीटर बुडवूनच बघा. पाणी गढूळ झालं, फेस मेला किंवा काटा ४३ च्या खाली आला, तिन्हींपैकी काहीही झालं की पाणी बदला. आणि जड पाण्यात साबणाची वडी फेस करत नाही, नुसता चिकट थर सोडते. भांड्यांची पावडर किंवा लिक्विड वापरा.

दुसऱ्या टाकीकडे सगळे दुर्लक्ष करतात. तिथे नीट खंगाळलं नाही तर साबण तिसऱ्या टाकीत जातो, पीएच चढवतो, आणि सोबत आलेले भाताचे कण क्लोरीन खाऊन टाकतात. माझी खूण साधी आहे. तिसऱ्या टाकीवर फेस तरंगताना दिसला तर चूक दुसऱ्या टाकीत शोधायची. पाणी वाहतं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर तीस-चाळीस ताटांमागे बदला. खरकटं मात्र पहिल्या टाकीच्याही आधी, बादलीत झाडूनच आलं पाहिजे.

तिसऱ्या टाकीत गरम पाणी घालू नका. गरम म्हणजे जास्त जंतू मरतील असं वाटतं, पण साधारण ५० अंशांच्या वर क्लोरीन पाण्यातून उडून जायला लागतो. पाणी थंड होईपर्यंत पट्टी कोरी निघते आणि वाफ मावशींच्या डोळ्यांत जाते. नळाचं साधं पाणीच घ्या. भांडं पूर्ण बुडालं पाहिजे. ताटं एकात एक रचून बुडवली तर मधल्या ताटांना पाणी लागतच नाही, म्हणून जाळीच्या टोपलीत उभी लावा, वाट्या आडव्या. कोष्टकाप्रमाणे काही सेकंद पुरतात, तरी मी पूर्ण मिनिट ठेवते, कारण कामाच्या घाईत सेकंद कोणी मोजत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा एक फेरा फिरला की टोपली वर. साठ ताटं झाली की पट्टी पुन्हा बुडवा. ५० च्या रंगाच्या जवळ आली असेल तर थोडं थोडं वाढवत बसू नका, टाकी रिकामी करून नवं पाणी बनवा, कारण तोवर त्यात कचराही साठलेला असतो. तुमच्या १२० ताटांना एका जेवणाला दोनदा पाणी बनवावं लागेल असंच धरून चाला.

भाजीचे मोठे गंज टाकीत मावत नाहीत. ते घासून, खंगाळून झाले की तयार केलेलं १०० पीपीएमचं पाणी त्यांत कडांपर्यंत फिरवा, मिनिटभर सगळीकडे ओलं राहू द्या आणि ओतून टाका. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र क्लोरीन लावू नका. ती काळी पडतात आणि त्यांना बारीक खड्डे पडतात, मग त्या खड्ड्यांत अन्न अडकतं. त्यांना उकळतं पाणी द्या. स्टीलसुद्धा रात्रभर या पाण्यात भिजत घालायचं नाही.

आता पुसण्याचं. नाही चालत. तिन्ही टाक्यांतून आलेलं ताट तुम्ही ज्या फडक्यानं पुसता, ते फडकं पहिल्या दहा ताटांतच ओलं होतं आणि मग ताटामागून ताटाला तेच ओलं लागत जातं. त्याच फडक्यानं मधे ओटा आणि हातही पुसले जातात. पावसाळ्याच्या उबेत ओलं फडकं म्हणजे जंतूंचं घर. असं फडकं धुवायला टाकताना कधी वास घेतला असेल तर माझं म्हणणं लगेच पटेल. ताटं हवेवरच वाळली पाहिजेत. आणि ओली ताटं एकावर एक रचायची नाहीत, कारण दोन ताटांमध्ये अडकलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच सापडतं.

लोखंडी सळ्यांची मांडणी करून घ्या, पेंट मारलेली. प्रत्येक ताट उभं, दोन ताटांमध्ये बोटभर जागा, वाट्या आणि पेले तिरके पालथे म्हणजे कडेला पाणी साचत नाही. खाली पन्हळ असू द्या. बांबूची मांडणी स्वस्त पडते, पण बांबू पाणी पितो आणि त्याला बुरशी धरते. अंगणात बाजेवर पसरून उन्हात वाळवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण रस्त्याची धूळ, कोंबड्या आणि माशा बघता मी ताटं आतच ठेवते, मांडणीवर मच्छरदाणीचं कापड सैल टाकून. ते कापड ताटांना टेकता कामा नये. उन्हाळ्यात वीस मिनिटांत कोरडी होतात. चमचे दांडीकडून धरून डब्यात ठेवायचे, तोंडाकडून नाही.

पावसाळ्यात झडी लागली की हवेतच इतकी ओल असते की मांडणीवर तीन-तीन तास पाणी सुकत नाही. तिथे दोनच उपाय माझ्या कामी आले. एक म्हणजे ताटांचा दुसरा संच. १२० मुलींना १२० च ताटं असतील तर दुपारची ताटं रात्रीला ओलीच निघणार. निम्मी जास्त घेतली तरी बराच फरक पडतो, आणि मांडणीसमोर एक टेबल फॅन ठेवला की वेळ अर्ध्यावर येतो. दुसरा उपाय म्हणजे त्या दिवसांत ताटांपुरता क्लोरीन बंद ठेवून गरम पाण्यानं निर्जंतुक करणं. फूड कोडप्रमाणे ७७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. सिंकमध्ये ते टिकत नाही, म्हणून शेगडीवर मोठा गंज ठेवा, पाणी ८२ अंशांपर्यंत तापवा आणि लांब कड्यांच्या जाळीच्या टोपलीत २५ ताटं उभी करून बुडवा. टोपली आत गेली की काटा अंश-दीड अंश उतरतो, ७७ च्या वर राहतो. तीस सेकंदांनी वर काढली की ताटं स्वतः इतकी तापलेली असतात की पाणी त्यांच्यावरून उडून जातं, आणि झडीतही दोन-तीन मिनिटांत कोरडी होतात. पाच खेपांत तुमची सगळी ताटं निघतील. गॅस जास्त लागतो, म्हणून आम्ही हे फक्त झडीच्या दिवसांत करत होतो. त्या गंजाजवळ मात्र एकच माणूस, पायात चप्पल आणि हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, आणि मुलींना त्या वेळी आत येऊ द्यायचं नाही.

पट्ट्यांचा आकडा, घासायच्या पाण्याचा अंश आणि बरणी उघडल्याची तारीख रोज एका वहीत लिहा, दोन ओळी पुरतात. तुमची टाकी मोजून झाली की लांबी, रुंदी आणि रेघेची उंची कळवा, मी तुमच्या पावडरचे ग्रॅम काढून देते.